महागाईच्या एमसीक्यूची आन्सर की चुकली असं वाटतंय? सरांना पत्र कसं लिहायचं, अगदी पहिल्यापासून

मी ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी घटक चाचणी झाली की दोनतीन मुलं तरी येतातच, सर ह्या प्रश्नाचं उत्तर की मध्ये वेगळं दिलंय म्हणून. बहुतेक वेळा की बरोबर असते. पण एकदा खरंच माझी की चुकलेली होती आणि ती चूक एका मुलीच्या एका पानाच्या पत्रामुळे मला कळली. ते पत्र इतकं नीट लिहिलेलं होतं की पाच मिनिटांत मला माझी चूक कुठे झाली ते दिसलं. त्याच चाचणीबद्दल आणखी चार जण येऊन गेले होते, त्यांचंही म्हणणं बरोबर होतं, पण त्यांनी ते ज्या पद्धतीने सांगितलं त्यावरून मला काही कळलंच नाही. म्हणून तोच प्रश्न आणि तेच पत्र घेऊन सगळं सांगतो, म्हणजे तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं ते नीट कळेल.

प्रश्न असा होता:

> २०२२-२३ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित भारतातील महागाईचा सरासरी दर ६.७ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ५.४ टक्के झाला. यावरून २०२३-२४ बद्दल काय म्हणता येईल?
> (अ) सर्वसाधारण किंमतपातळी घटली
> (ब) सर्वसाधारण किंमतपातळी वाढली, पण वाढीचा वेग कमी झाला
> (क) अर्थव्यवस्थेत चलनघट झाली
> (ड) सर्वसाधारण किंमतपातळी स्थिर राहिली

की मध्ये उत्तर होतं (अ). आकडे खरे आहेत बरं का, सरकारी आर्थिक पाहणीतलेच घेतले होते.

आधी प्रश्न आणि सेट जुळवून बघा

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आमच्याकडे पेपरचे दोन सेट असतात, ए आणि बी, प्रश्न तेच पण क्रम वेगळा, आणि कधीकधी ऑप्शनचा क्रमही वेगळा. मुलं ग्रुपवर आलेली कीची पीडीएफ उघडतात, आपला प्रश्न नंबर बघतात आणि थेट टेन्शन घेतात, आणि मग कळतं की ती की दुसऱ्या सेटची होती. तेव्हा पेपरवरचा सेट, प्रश्न क्रमांक, आणि कीवरचा सेट हे तिन्ही एकदा समोरासमोर ठेवून बघा. दुसरं म्हणजे प्रश्न आठवणीतून लिहू नका, पेपरवरून शब्दन् शब्द उतरवून घ्या. ह्या प्रश्नात "ग्राहक किंमत निर्देशांक" आणि "सरासरी" हे दोन शब्द आहेत ना, सगळं त्यांच्यावर उभं आहे, आणि आठवणीतून लिहिताना नेमके हेच शब्द गळतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने प्रश्न सांगितला तो असा, "सर ते महागाई कमी झाली तर काय होतं तो प्रश्न". आता एवढ्यावरून मी काय तपासणार.

मग स्वतःचं उत्तर कागदावर सोडवा, मनात नाही

महागाईचा दर आणि किंमतपातळी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महागाईच्या प्रश्नांत ज्या काही चुका होतात त्यातल्या बऱ्याचशा ह्या दोघांची गल्लत झाल्याने होतात. दर म्हणजे पातळी किती वेगाने वर जातेय ते. एसटी घाट चढतेय, आधी चाळीसच्या स्पीडने चढत होती आता तीसने चढतेय, तर स्पीड कमी झाला पण गाडी खाली आली का? नाही, ती अजून वरच चाललीय. तसंच हे.

पण पत्रात एसटीचं उदाहरण देऊन चालणार नाही, तिथे आकडे लागतात. सोपं आहे. २०२१-२२ ची सरासरी किंमतपातळी १०० धरा. २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के वाढ, म्हणजे पातळी झाली १०६.७. आता २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के वाढ, पण ती १०० वर नाही, १०६.७ वर. १०६.७ चे ५.४ टक्के म्हणजे साधारण ५.७६, तेव्हा पातळी झाली ११२.४६. म्हणजे १०० वरून १०६.७ आणि तिथून ११२.४६. कुठेही खाली आली नाही. दर ६.७ वरून ५.४ वर उतरला आणि पातळी मात्र १०६.७ वरून ११२.४६ वर चढली, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. हेच (ब) म्हणतोय.

इथे एक चूक होते ती सांगून ठेवतो. बरीच मुलं दुसऱ्या वर्षाचे ५.४ सुद्धा १०० वरच मोजतात आणि ११२.१ लिहितात. उत्तर त्याने बदलत नाही, ऑप्शन (ब) च राहतो, पण सरांच्या हातात असा कागद गेला की त्यांचं लक्ष तुमच्या मुद्द्यावर राहत नाही, ह्या चुकीवर जातं. आकडेमोड कॅल्क्युलेटरवर दोनदा करा.

पातळी खाली यायची असेल तर दर शून्याच्या खाली जावा लागतो, उणे व्हावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याकडे ग्राहक किंमत महागाईचा दर ०.२५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, तरीसुद्धा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा पातळी किंचित का होईना वरच होती. ५.४ म्हणजे तर बराच वर.

आता सरांच्या बाजूने विचार करा

ही पायरी कोणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. की मध्ये (अ) आहे ना, मग स्वतःला विचारा, की बरोबर आहे असं कुठल्या परिस्थितीत म्हणता येईल? अशी परिस्थिती प्रश्नात बसत असेल तर तुमचं चुकलंय, पत्र लिहायचं कारणच नाही. बसत नसेल तर ती का बसत नाही हे तुम्हाला पत्रात एका वाक्यात लिहिता येईल, आणि त्या वाक्याने सरांना चटकन कळतं की पोराने खरंच अभ्यास केलाय.

ह्या प्रश्नात अशा दोन परिस्थिती निघतात.

पहिली, घाऊक किंमत निर्देशांक. ह्याच दोन वर्षांत घाऊक महागाईचा सरासरी दर २०२२-२३ ला ९.४ टक्के होता आणि २०२३-२४ ला तो उणे ०.७ टक्के झाला. एप्रिल २०२३ पासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत तर सलग सात महिने तो शून्याच्या खाली होता. म्हणजे घाऊक बाजाराच्या निर्देशांकानुसार २०२३-२४ मध्ये किंमतपातळी खरंच घटली होती! प्रश्नात जर "घाऊक" असं असतं आणि आकडे ते असते तर (अ) अगदी बरोबर. पण प्रश्नात स्पष्ट "ग्राहक" लिहिलंय आणि आकडेही ग्राहक निर्देशांकाचेच आहेत. मग (अ) बसत नाही.

दुसरी जरा सूक्ष्म आहे. आपण जो दर पेपरात वाचतो तो बहुधा वर्षाचा असतो, म्हणजे ह्या महिन्याची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. पण एका महिन्यापासून पुढच्या महिन्यापर्यंत पातळी खाली येऊ शकते, वर्षाचा दर अधिक असतानाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो कसे भडकले होते आठवत असेल, तेव्हा ग्राहक किंमत निर्देशांक १८६.३ होता आणि वर्षाचा दर ७.४४ टक्के. सप्टेंबरला दर ५.०२ टक्क्यांवर आला आणि निर्देशांकही १८४.१ वर आला, म्हणजे दोन महिन्यांत पातळी खरोखर घटली. तेव्हा कोणी जुलै आणि सप्टेंबर २०२३ चे निर्देशांक देऊन प्रश्न विचारला तर "पातळी घटली" हे उत्तर बरोबर येईल. आपल्या प्रश्नात मात्र दोन पूर्ण वर्षांचे सरासरी दर आहेत, महिने नाहीत, म्हणून हेही लागू नाही.

दोन्ही शक्यता तपासून झाल्या, तरी (ब) च उभा राहतोय. आता पत्र लिहायला हरकत नाही.

प्रश्नाच्या आतला पुरावा शोधा

पुस्तकातल्या व्याख्या, आकडे हे सगळं द्यायचंच, पण त्याहून जोरदार पुरावा कधीकधी प्रश्नातच दडलेला असतो. आपल्या प्रश्नात बघा. (अ) म्हणतो किंमतपातळी घटली. (क) म्हणतो चलनघट झाली. आता चलनघट म्हणजे काय, सर्वसाधारण किंमतपातळी घटत राहणं. मग (अ) बरोबर धरला तर (क) सुद्धा बरोबर होतो, आणि एकच उत्तर निवडायच्या प्रश्नात दोन बरोबर ऑप्शन कसे असतील? म्हणजे (अ) ला उत्तर मानलं की प्रश्नच मोडतो, (ब) ला मानलं की प्रश्न नीट उभा राहतो.

त्या मुलीने पत्रात हा मुद्दा दोन ओळींत लिहिला होता आणि खरं सांगतो, मला तिथेच कळलं. झालं असं होतं की माझ्या प्रश्नसंचात जुना प्रश्न घाऊक निर्देशांकाचा होता, त्याचं उत्तर (अ) च होतं. नवीन चाचणीसाठी मी आकडे बदलून ग्राहक निर्देशांकाचे घातले, (क) मधला जुना ऑप्शन काढून तिथे चलनघट टाकली, आणि की मध्ये बदल करायचा राहून गेला. प्रश्न बदलला, की तीच राहिली. शिक्षकांच्या कीमध्ये ज्या चुका होतात त्यातल्या बऱ्याच अशाच असतात, विषय येत नाही म्हणून नव्हे. हे लक्षात ठेवलं की पत्राचा सूर आपोआप बरोबर लागतो, कारण मग तुम्ही सरांना महागाई शिकवायला जात नाही, राहून गेलेली एक गोष्ट नजरेस आणून देता.

सोबत काय जोडायचं

दोनच गोष्टी पुरतात. एक, अभ्यासक्रमाच्या पुस्तकातलं चलनवाढीच्या व्याख्येचं पान, पान नंबरासकट. "किंमतपातळीत सातत्याने होणारी वाढ" अशा अर्थाची ओळ जवळपास प्रत्येक पुस्तकात असतेच, तिच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. बारावीला निर्देशांकाचं प्रकरण आहे, टक्केवारी कशी काढायची ते तिथूनच दाखवता येतं. दोन, तुमचं गणित, तीन ओळींत.

क्लासच्या नोट्स जोडू नका. क्लासच्या सरांनी असं सांगितलंय हे तर अजिबात लिहू नका, कारण मग प्रश्न महागाईचा राहत नाही, कॉलेजचे सर विरुद्ध क्लासचे सर असा होतो. यूट्यूबच्या लिंका, कुठल्यातरी गाईडचे स्क्रीनशॉट, हेही नको. गाईडमध्येच चुका असतात आणि सरांना ते माहीत असतं. आकड्यांबद्दल शंका असेल तरच सरकारी आकड्याचा संदर्भ द्या, इथे आकडे प्रश्नातच दिलेत म्हणून गरज नाही.

पत्रात कुठले शब्द, कुठले नकोत

त्या चाचणीनंतर माझ्या हातात आलेली एक चिठ्ठी अशी होती, अगदी जशीच्या तशी नाही पण अर्थ हाच: "सर प्रश्न १४ ची की चुकीची आहे. सगळ्यांचं उत्तर ब आहे. कृपया सगळ्यांना १ मार्क द्यावा." त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण ह्यात कारण कुठेच नाही. की चुकीची आहे हा निष्कर्ष आहे, आणि तो सरांनी काढायचा. सगळ्यांचं उत्तर ब आहे ह्याने काही सिद्ध होत नाही, सगळ्यांची मिळून एकच चूक मी कितीदा बघितलीय. आणि शेवटी थेट मार्कांची मागणी, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की सगळी खटपट एका मार्कासाठी आहे.

त्याऐवजी असं लिहा: "मला (ब) येतंय, माझी मांडणी अशी आहे, कुठे चुकतंय का ते बघाल का". मार्काचा शब्द पत्रात आणायचीच गरज नाही, उत्तर बदललं की मार्क मिळणारच. "फेरतपासणी" हा शब्द विषयात चालतो, पण मजकुरात साधं "एकदा तपासून पाहावं ही विनंती" हे जास्त बरं वाटतं. "आक्षेप", "हरकत", "तक्रार" हे शब्द कॉलेजच्या चाचणीसाठी जड होतात. ते स्पर्धा परीक्षांना ठीक, तिथे आयोग पहिली की जाहीर करून ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन हरकती मागवतो, तिथे पत्राचा सूर कोणी बघत नाही, पुरावा बघतात, आणि पत्र पाठवून चालतही नाही, त्यांच्या लिंकवरूनच द्यावं लागतं.

मायना साधा ठेवा. "आदरणीय सर" किंवा "आदरणीय मॅडम", खाली "सादर नमस्कार". "सप्रेम नमस्कार" बरोबरीच्यांना, शिक्षकांना नको. शेवटी "आपला विद्यार्थी" किंवा "आपली विद्यार्थिनी" एवढं पुरे, आज्ञाधारक वगैरे घालायचं असेल तर घाला, नाही घातलं तरी काही बिघडत नाही. आणि पत्रभर सरांना "आपण", मध्येच "तुम्ही" नको.

लांबी एक पान. त्याहून जास्त झालं तर काहीतरी दोनदा लिहिलंय असं समजा.

पूर्ण पत्र

त्या मुलीचं पत्र माझ्याकडे आता नाही, पण मांडणी मला पक्की आठवते. त्याच मांडणीवर हे नमुन्याचं पत्र लिहिलंय, तारखा आणि रोल नंबर आपले मनाचे घातलेत.

> दिनांक : २० ऑगस्ट
>
> प्रति,
> माननीय सर,
> अर्थशास्त्र विभाग
>
> विषय : पहिली घटक चाचणी, सेट बी, प्रश्न १४ चे उत्तर एकदा तपासून पाहण्याबाबत विनंती
>
> आदरणीय सर,
> सादर नमस्कार.
>
> मी बारावी कॉमर्स, तुकडी ब, रोल नंबर २७. पहिल्या घटक चाचणीच्या सेट बी मधील प्रश्न १४ चे उत्तर आन्सर कीमध्ये (अ) दिले आहे. मी (ब) लिहिले होते. आधी मला वाटले की माझीच समजूत चुकली असेल, म्हणून घरी पुन्हा सोडवून पाहिले. तरीही (ब) येत आहे, म्हणून आपल्याला लिहीत आहे.
>
> प्रश्नात ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाईचा सरासरी दर २०२२-२३ साठी ६.७ टक्के आणि २०२३-२४ साठी ५.४ टक्के दिला आहे. २०२१-२२ ची किंमतपातळी १०० धरली तर २०२२-२३ मध्ये ती १०६.७ होते. २०२३-२४ मध्ये १०६.७ वर ५.४ टक्के वाढ धरली तर ती सुमारे ११२.४६ होते. म्हणजे दर कमी झाला तरी पातळी वाढलेलीच दिसते, असे मला वाटते.
>
> दुसरे असे की (अ) बरोबर धरला तर किंमतपातळी घटली असा अर्थ होतो, आणि मग (क) चलनघट हाही पर्याय बरोबर ठरतो.
>
> हेच दोन वर्षांचे घाऊक किंमत निर्देशांकाचे दर पाहिले तर २०२३-२४ चा दर उणे आहे, तिथे (अ) बरोबर आले असते. परंतु प्रश्नात ग्राहक किंमत निर्देशांक असल्याने ते इथे लागू होत नाही, असे मी समजले आहे. माझे काही चुकत असेल तर कृपया सांगावे.
>
> आपल्या सवडीने हा प्रश्न एकदा पाहावा, ही नम्र विनंती. पुस्तकातील व्याख्येच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, रोल नंबर)
>
> सोबत : पुस्तकातील पानाची प्रत, १

ह्या पत्रात "चुकीची" हा शब्द एकदाही कीला लावलेला नाही, तरी वाचणाऱ्याला दोन मिनिटांत सगळं कळतं. घाऊकवाली दोन वाक्यं बघा. त्यामुळे सरांना सुटका मिळते, म्हणजे की मध्ये (अ) कशामुळे आलं असेल ते पत्रातच सांगितलंय, पण सरांवर काही न ढकलता. माझ्या बाबतीत तर तेच खरं कारण निघालं. अर्थात ही वाक्यं तुम्ही आकडे स्वतः तपासले असतील तरच घाला. नसतील तपासले तर तो परिच्छेद गाळा, उरलेलं पत्र तेवढंच पक्कं आहे.

द्यायचं कसं आणि कधी

की लागल्यापासून दोनतीन दिवसांत द्या. मार्क एकदा रजिस्टरला चढले की बदलायला सरांनाही वरून सही घ्यावी लागते, मग त्यांची इच्छा असूनही उशीर होतो. लेक्चर चालू असताना हात वर करून विचारू नका, साठ मुलांसमोर कोणालाच पटकन "हो, चुकलं" म्हणता येत नाही. लेक्चर संपल्यावर किंवा स्टाफरूममध्ये मोकळे दिसले की, "सर, एका प्रश्नाबद्दल लिहून आणलंय, वेळ मिळेल तेव्हा बघाल का" एवढंच म्हणा, कागद द्या आणि निघा. तिथेच उभं राहून आत्ता बघा असा आग्रह नको.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर वर्गाच्या ग्रुपवर अजिबात नाही, सरांना वैयक्तिक. पत्र टाइप करून पीडीएफ किंवा सरळ मेसेजच, पण तुकडे करून आठ मेसेज नकोत, आणि रात्री अकराला नको. ग्रुपवर टाकलं की खाली लगेच "हो सर", "माझंपण तेच", "सर द्या ना" सुरू होतं आणि तुमचा मुद्दा वर कुठेतरी वाहून जातो. चारपाच जणांचं मिळून एकच पत्र द्यायचं असेल तर चालतं, खाली सगळ्यांचे रोल नंबर घाला, फक्त त्या प्रत्येकाने गणित स्वतः सोडवलेलं असू द्या, कारण सर त्यातल्या कोणालाही विचारू शकतात की १०६.७ कुठून आलं.

उत्तर काय येऊ शकतं

सर की बदलतील, (ब) धरतील. किंवा प्रश्न रद्द करून सगळ्यांना मार्क देतील, हे जास्त करून प्रश्नाच्या शब्दांतच घोळ असेल तेव्हा होतं, इथे शब्द स्पष्ट आहेत त्यामुळे की बदलणंच जास्त बरोबर. की बदलली तर ज्यांनी (अ) लिहिलं होतं त्यांचा मार्क जातो, आणि ते तुमच्यावर चिडू शकतात. माझ्या वर्गात तसं झालं. मी वर्गात सांगितलं की चूक माझी होती, की मी बदलतोय, आणि फळ्यावर १००, १०६.७, ११२.४६ असं लिहून प्रश्न सगळ्यांना परत समजावला. कोणी पत्र दिलं ते नाव घेतलं नाही. तुमच्या पत्रात तशी विनंती करावीशी वाटली तर एक ओळ घालायला हरकत नाही, "माझे नाव वर्गात घेऊ नये ही विनंती".

किंवा सर म्हणतील की की बरोबर आहे. तेव्हा लगेच वाद घालू नका, पण "बरं" म्हणून गप्पही बसू नका, एकच विचारा, "सर, मग किंमतपातळी १०६.७ वरून किती झाली असं धरायचं?" सरांनी आकडा सांगितला की कोणाचं चुकतंय ते दोघांनाही तिथेच दिसेल. तुमचं चुकत असेल तर तेही ह्याच प्रश्नाने कळतं.

आणि आठवडाभर काहीच उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. चाचण्या, वह्या, प्रॅक्टिकल ह्यात कागद खरंच बाजूला राहतो. मेसेज असा पुरे: "नमस्कार सर, मी रोल नंबर २७. २० तारखेला प्रश्न १४ बद्दल पत्र दिलं होतं. आपल्याला वेळ मिळाला की पाहावं ही विनंती. कागद सापडत नसेल तर मी पुन्हा प्रत देते."

तुमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा असेल, समजा निर्देशांक १२० वरून १३२ आणि मग १४३ झाला, तर शेवटच्या वर्षाचा दर किती, आणि की मध्ये ११ टक्के दिलंय, तर पत्राचा साचा हाच, फक्त मधला परिच्छेद बदलतो. तिथे लिहायचं की १४३ वजा १३२ म्हणजे ११ हा अंकांतला फरक आहे, टक्केवारी काढायला तो आदल्या वर्षाच्या १३२ ने भागावा लागतो, ११ भागिले १३२ गुणिले १००, म्हणजे ८.३३ टक्के. आणि सरांच्या बाजूने विचार करायची पायरी तिथेही करा, आदलं वर्षच जर पायाभूत वर्ष असतं आणि त्याचा निर्देशांक १०० असता तर अंकांतला फरक आणि टक्के एकच आले असते, कीमध्ये ११ येण्याचं कारण बहुतेक तेच असतं.